टक्का वाढला, ग्राहक घटले

किराणा घरपोच देणारं एखादं ॲप घ्या. जानेवारीत पहिली खरेदी केलेल्यांची एक तुकडी, फेब्रुवारीतल्यांची दुसरी. या तुकडीलाच धंद्यात कोहॉर्ट म्हणतात. दर तुकडीला तक्त्यात एक आडवी ओळ मिळते आणि पुढच्या रकान्यांत तिच्यातले किती टक्के लोक पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या महिन्यात परत आले ते लिहितात. नुसती एकूण ग्राहकसंख्या पाहिली तर नव्यांच्या गर्दीत जुन्यांची गळती दिसतच नाही. इथे ती उघडी पडते.

आता समजा, १ एप्रिलला ॲपने जुन्या-नव्या सगळ्यांना ‘मागचीच यादी पुन्हा मागवा’ असं बटण दिलं. पहिल्या महिन्याचा रकाना वरून खाली वाचला तर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तिन्ही तुकड्यांपुढे ३९ टक्के आहेत आणि एप्रिलच्या तुकडीपुढे ४५. बैठकीत पेढे वाटायला एवढं पुरतं.

पण बटण जुन्यांनाही मिळालं होतं. म्हणजे एप्रिल महिना ज्या ज्या घरात येतो तिथे काहीतरी हलायला हवं: जानेवारीच्या तुकडीचा तिसरा महिना, फेब्रुवारीचा दुसरा, मार्चचा पहिला. ही घरं तक्त्यात तिरकी लागतात. त्यांतले आकडे आधीच्या तुकड्यांच्या त्याच टप्प्याशी ताडून पाहिले तर फरक शून्य. पुढची, मे महिन्याची तिरकी रेघही तशीच. जुन्यांना ढिम्म न हलवणारं बटण फक्त नव्यांनाच कसं भावलं?

उत्तर तुकडीच्या पोटात असतं. मार्चला १००० जण आले: ७०० जाहिरातीतली सवलत पाहून, ३०० ओळखीच्यांनी सांगितल्यामुळे. पहिल्यांपैकी ३० टक्के परतले, दुसऱ्यांपैकी ६० टक्के. म्हणजे २१० आणि १८०, एकूण ३९०. एप्रिलमध्ये जाहिरातीचा खर्च कापला गेला आणि दोन्हीकडून ३००-३०० आले. परतण्याचं प्रमाण तेच ३० आणि ६०. परतले ९० आणि १८०, म्हणजे ६०० पैकी २७०. झाले ४५ टक्के! निष्ठा कणभरही वाढली नाही, उलट परतलेली माणसं १२० ने कमी झाली. म्हणून तुकडी कुठून आली ते वेगळं काढल्याशिवाय रकान्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिरकी रेघ उजळली तरी लगेच हुरळून जायचं कारण नाही. दिवाळीच्या महिन्यात सगळ्याच तुकड्या एकदम वर जातात. बटणात दम असेल तर पुढच्या तिरक्या रेघांतही ती वाढ टिकते, सणाची असेल तर ओसरते. शेवटची रेघ तर महिना संपेपर्यंत वाचूच नये, कारण अर्ध्या महिन्याचा आकडा नेहमीच पडेल दिसतो.

शंका उरलीच तर पुढच्या वेळी बटण चिठ्ठ्या टाकून निम्म्यांनाच द्यावं. मग एकाच महिन्यात आलेल्या, एकाच मिश्रणाच्या दोन ओळी शेजारीशेजारी वाचता येतात.