बीपी मोजायचंय? आधी घड्याळ बघा : जेवण, आंघोळ, चालणं आणि बिडीनंतर किती वेळ थांबावं

आता बऱ्याच घरांत बीपीचं मशीन आलंय. दंडाला पट्टा बांधला, बटण दाबलं, आकडा वहीत लिहिला आणि महिनाअखेर ती वही डॉक्टरांसमोर ठेवली. मोजायच्या आधी अर्ध्या तासात काय खाल्लं, काय केलं, हे मात्र वहीत कोणी लिहीत नाही. डॉक्टर गोळीचा डोस त्या आकड्यांवरून ठरवतात, म्हणून आज आम्ही फक्त या थांबण्याच्या वेळेबद्दल सांगणार आहोत.

साधा नियम असा: जेवण किंवा नाश्ता, चहा-कॉफी, आंघोळ, व्यायाम आणि बिडी-सिगारेट, यातलं काहीही झालं की किमान ३० मिनिटं बीपी मोजायचं नाही. त्यानंतर लघवी करून यायचं आणि ५ मिनिटं शांत, गप्प बसायचं. मगच बटण दाबायचं. लघवी तुंबलेली असली तरी आकडा वर जातो.

आता खरी गोम इथे आहे. या गोष्टींमुळे आकडा प्रत्येक वेळी वरच जातो असं नाही. काहींनी वर जातो, काहींनी खाली येतो. वर गेला तर माणूस घाबरून डॉक्टरकडे तरी जातो. खाली आला तर खूश होऊन वही मिटतो, आणि आम्हाला तर हेच जास्त धोक्याचं वाटतं.

बिडी-सिगारेटचं बघा. निकोटीन काही मिनिटांतच रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाचे ठोके वाढवतं, आणि आकडा वर जातो. साधारण अर्ध्या तासात हा जोर ओसरतो. पण जो माणूस दर अर्ध्या तासाला एक बिडी ओढतो, त्याच्यासाठी ही वेळ कधी येतच नाही. त्याने सकाळची पहिली बिडी पेटवायच्या आधी मोजावं. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री वापरणारे म्हणतील, "आम्ही कुठे ओढतो?" निकोटीन त्यातही आहेच. गालात तंबाखूची गोळी असेपर्यंत ते रक्तात जात राहतं. म्हणून ३० मिनिटं तोंडात टाकल्यापासून मोजू नका, थुंकून चूळ भरल्यापासून मोजा.

आंघोळीचं उलट आहे. गरम पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी खाली येतं. थंड पाण्याने त्या आवळतात आणि आकडा वर जाऊ शकतो. दोन्ही वेळा अर्धा तास थांबा. पाणी खूप कढत असेल, अंग लालसर होईपर्यंत आंघोळ झाली असेल, तर तासभर थांबलेलं बरं.

चालणं आणि व्यायाम यात दोन्ही गोष्टी होतात. चालताना आणि लगेच थांबल्यावर वरचा आकडा चढलेला असतो. थोड्या वेळाने तो नेहमीच्यापेक्षाही खाली उतरतो, आणि काहींचा तास-दोन तास तसाच राहतो. भरभर चालून आलात तर अर्धा तास ठीक आहे. पण घाम गळेपर्यंत व्यायाम करत असाल तर नंतर थांबत बसण्यापेक्षा आधीच मोजून घ्या.

जेवणाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे अर्ध्या तासाचा नियम घरातल्या बुजुर्गांना पुरत नाही. जेवल्यावर बरंचसं रक्त पोट आणि आतड्यांकडे वळतं. तरुण शरीर ठोके वाढवून आणि बाकीच्या रक्तवाहिन्या आवळून हे सांभाळून घेतं. वय झालेल्या माणसाला, जुनी शुगर असलेल्याला किंवा पार्किन्सनच्या रुग्णाला ते नेहमी जमत नाही. त्यांचं बीपी जेवणानंतर अर्ध्या ते एक तासात चांगलंच उतरू शकतं, आणि हा परिणाम दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे दादीने जेवून बरोबर अर्ध्या तासाने मोजलं, तर नेमका सगळ्यात खालचा आकडा हाती लागायचा. ताट भात-रोटीने भरलेलं असेल तर उतार आणखी जास्त. बुजुर्गांचं बीपी म्हणूनच जेवणाआधी मोजावं. मात्र जेवून उठताना त्यांना चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. ते मुद्दाम जेवणानंतरचंही बीपी मोजायला सांगू शकतात.

समजा, घरात ६४ वर्षांचे चाचा आहेत, बीपीची गोळी चालू आहे. पहिल्या दिवशी चहा आणि बिडी झाल्यावर लगेच मोजलं: १५६/९४. जुम्याच्या दिवशी गरम पाण्याने गुस्ल करून आल्या आल्या मोजलं: ११६/७०. तिसऱ्या वेळी चालून येऊन पट्टा बांधला: १४८/८६. चौथ्या वेळी दुपारच्या जेवणानंतर: ११८/६८. चारांची सरासरी काढा, १३४/७९ च्या आसपास येते. घरी मोजलेल्या बीपीची हद्द सहसा १३५/८५ धरतात. म्हणजे वही बघून कोणीही म्हणेल, चाचांचं ठीक चाललंय.

मग हेच चाचा आठवडाभर सकाळी उठून, लघवी करून, चहा-बिडी-आंघोळ आणि गोळी यांच्या आधी, ५ मिनिटं बसून मोजतात. दर वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून दिले तर बाकीचे वरचे आकडे १३८ ते १४६ मध्ये आणि खालचे ८८ च्या आगेमागे येतात. सरासरी १४२/८८. बीपी काबूत नाहीच. दोन चढलेले आणि दोन उतरलेले आकडे एकमेकांत मिसळून ते लपलं होतं.

ओळखायची खूण हीच. एकाच आठवड्यात वरचा आकडा ३०-४० ने वरखाली उड्या मारत असेल तर लगेच मशीनला दोष देऊ नका. आधी प्रत्येक आकड्यासमोर वेळ आणि त्याआधी काय केलं ते लिहायला लागा. दोन-चार दिवसांत कारण बहुतेक समोर येतं.

बसायचं कसं तेही थोडक्यात. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. हात खाली लोंबत असेल तर आकडा फुकट वाढतो. पट्टा फुगत असताना बोललं तरी वाढतो, म्हणून तेवढा वेळ फोन बाजूला.

रमजानमध्ये सकाळचं वेळापत्रक बदलतं. तेव्हा सेहरीला उठल्यावर, काही खाण्याआधी मोजा, आणि दुसऱ्यांदा इफ्तारच्या आधी. इफ्तार करून लगेच घेतलेला आकडा वहीत नको. गोळीची वेळ मात्र स्वतःहून हलवू नका, ती रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आणि हे थांबणं रोजच्या मोजणीसाठी आहे. छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड वाकडं झालंय, एका बाजूचा हात-पाय उचलत नाही, बोलणं अडखळतंय, अशा वेळी अर्धा तास मोजत बसायचं नाही. आकडा काहीही असो, थेट दवाखाना गाठायचा. असा काही त्रास नाही पण मशीन १८०/१२० च्या वर दाखवतंय, तर ५ मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.