निकालाचे पान किती जुने आहे?

निकालाच्या दिवशी बातम्यांच्या संकेतस्थळावर २८८ जागांचा तक्ता झळकतो आणि त्याच्या डोक्यावर ‘दर मिनिटाला अपडेट’ अशी पट्टी असते. ती पट्टी खोटी नसते. पण वाचक तिच्यातून जेवढे समजून घेतो, त्यापेक्षा ती बरेच कमी सांगत असते. मिनिटाला काय होते, कोण कोणाला विचारते आणि समोरचा आकडा नेमका कधीचा, हे पाहायचे तर मतमोजणीच्या टेबलापासून सुरुवात करावी लागते.

सकाळी आठला टपाली मतांपासून मोजणी सुरू होते आणि अर्ध्या तासाने मतदान यंत्रे उघडतात. एका मतदारसंघासाठी साधारणपणे चौदा टेबले मांडलेली असतात. प्रत्येक टेबलावर एका मतदान केंद्राची मते मोजून झाली की एक फेरी पुरी. समजा, मतदारसंघात ३२२ केंद्रे आहेत. म्हणजे फेऱ्या झाल्या २३. प्रत्येक फेरीचे आकडे तपासून निवडणूक निर्णय अधिकारी सही करतो, मग ते आयोगाच्या प्रणालीत भरले जातात आणि तिथून results.eci.gov.in वर येतात. या २३ फेऱ्या सहा तासांत आटोपल्या असे धरले, तर एका फेरीला पंधरा-सोळा मिनिटे पडतात. म्हणजे दर मिनिटाला ‘काही नवीन?’ असे विचारणाऱ्याला एका मतदारसंघाबाबत चौदा-पंधरा वेळा ‘नाही’ आणि मग एकदा ‘हो’ असे उत्तर मिळणार.

मग मिनिट कशाला? कारण मतदारसंघ एक नाही, २८८ आहेत. सगळ्यांना सरासरी २३ फेऱ्या धरल्या तर दिवसभरात ६,६२४ नव्या नोंदी होतात. ३६० मिनिटांत वाटल्या तर मिनिटाला सुमारे अठरा. हा हिशेब कागदावरचा असला, तरी वास्तवापासून फार दूर नाही. ८ ऑक्टोबर २०२४ ला हरियाणाच्या मोजणीत आकडे उशिराने चढवले जात असल्याची तक्रार काँग्रेसने केली, तेव्हा ती फेटाळताना आयोगाने सांगितले होते की सर्व मतदारसंघ मिळून दर पाच मिनिटांना सुमारे २५ फेऱ्यांची नोंद होत आहे. हरियाणात जागा ९०. त्याच वेगाने २८८ जागांना मिनिटाला सोळा नोंदी येतात. राज्याच्या तक्त्यात मिनिटामिनिटाला काहीतरी हलते ते यामुळे, आणि म्हणून मिनिटाचे अंतर राज्यासाठी योग्य आहे. एकाच मतदारसंघाकडे डोळे लावून बसलेल्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता मूळ संकेतस्थळावर पडणारा भार पाहू. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे दर मिनिटाला २८८ मतदारसंघांची २८८ पाने मागवणे. तासाला सतरा हजारांवर मागण्या, आणि दर खेपेला त्यातली अठराच पाने बदललेली. बाकीची २७० उगाच आणलेली. शहाणा मार्ग असा, की आधी फक्त राज्याची यादी मागवायची. तिच्यात प्रत्येक जागेसमोर कितवी फेरी चालू आहे हे दिलेले असते. एका पानावर वीस जागा धरल्या तर ही यादी पंधरा पानांची. मागच्या मिनिटाची फेरी आणि आताची फेरी ताडून पाहायची आणि जिथे आकडा पुढे सरकला तेवढ्याच मतदारसंघांचे सविस्तर पान आणायचे. पंधरा आणि अठरा मिळून तेहतीस मागण्यांत काम होते.

यात एक खोच आहे. टपाली मतांची भर किंवा एखादी दुरुस्ती फेरीचा आकडा न बदलताही होऊ शकते. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा सगळी २८८ पाने सावकाश, पाठोपाठ न झोडता, पाहून घ्यावी लागतात. ज्यांनी हे केले नाही, त्यांच्या तक्त्यात संध्याकाळी एखाद्या जागेचे मताधिक्य अधिकृत आकड्याशी जुळत नाही आणि चूक कुठे झाली ते कोणालाच सापडत नाही.

भार कमी करण्याची आणखी एक सोय वेबमध्ये आहे. पान देताना सर्व्हर त्याला एक खूण जोडू शकतो. पुढच्या वेळी आपण ती खूण परत दाखवायची. पान तेच असेल तर सर्व्हर अख्खे पान न पाठवता एका ओळीत उत्तर देतो:

```
If-None-Match: "a41f"
HTTP/1.1 304 Not Modified
```

अर्थात, समोरचा सर्व्हर खूण देत असेल तरच हे चालते. ते आदल्या दिवशी तपासून ठेवायचे.

मागणी कोण करते, हा प्रश्न याहून मोठा आहे. पन्नास हजार वाचकांनी पान उघडले आणि प्रत्येकाचा फोन थेट मूळ संकेतस्थळाला दर मिनिटाला विचारू लागला, तर सेकंदाला आठशेहून अधिक मागण्या होतात, त्याही एका संकेतस्थळाच्या वाचकांच्या. पूर्वी निकालाच्या रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीबाहेर फळा लावलेला असे. आतला एक माणूस तारेवरून किंवा फोनवरून आकडा घेई आणि रस्त्यावरची गर्दी फळा वाची. आजही नेमके तेच करायचे. आपला एकच प्रोग्रॅम मूळ ठिकाणी जाऊन आकडे आणतो, त्यांची एक छोटी फाइल बनवतो आणि वाचकांचे फोन फक्त ती फाइल वाचतात. वाचक पन्नास हजार असोत की पाच लाख, मूळ संकेतस्थळाला त्या तेहतीस मागण्यांपलीकडे काही कळत नाही.

मात्र ती फाइल सगळ्यांनी घड्याळाच्या ठोक्याला मागायची नाही. प्रत्येक मिनिटाच्या शून्याव्या सेकंदाला हजारो फोन एकदम धडकले तर उरलेली ५९ सेकंदे सर्व्हर रिकामा बसतो आणि त्या एका सेकंदात कोलमडतो. म्हणून प्रत्येक फोनने साठ सेकंदांत दोन-पाच सेकंद इकडेतिकडे करून विचारायचे.

या मधल्या फळ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. आकडा मूळ ठिकाणी उमटल्यावर आपला प्रोग्रॅम तिथे पोहोचेपर्यंत जास्तीत जास्त साठ सेकंद. पाने आणून जुळवायला वीस. फाइल वाटणाऱ्या सर्व्हरने ती तीस सेकंद जपून ठेवली तर आणखी तीस. वाचकाचा फोन पुन्हा विचारेपर्यंत साठ. एकूण जवळजवळ तीन मिनिटे. सरासरी काढली तर दीड मिनिटाच्या थोडे वर. ‘दर मिनिटाला’चा खरा अर्थ हा. काही संपादक यावर ‘दहा सेकंद करा’ म्हणतात. आपल्या प्रोग्रॅमने दहा सेकंदांनी विचारले तर सरासरी पंचवीस सेकंद वाचतात आणि मूळ ठिकाणचा भार सहापट होतो. फेरीलाच पंधरा मिनिटे लागतात, सही आणि नोंदीला वेगळा वेळ जातो. त्यापुढे या पंचवीस सेकंदांना माझ्या लेखी काही अर्थ नाही. चुरशीच्या दोन-चार जागांची पाने वेगळी, अधिक वेळा पाहावीत फार तर.

सकाळी नऊच्या सुमारास मूळ संकेतस्थळ मंदावले तर? एरवी दोन सेकंदांत येणारे पान चाळीस सेकंद घेऊ लागते. जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम घड्याळ लावून दर साठ सेकंदांनी नवी खेप पाठवतो, आधीची परतली की नाही हे न बघता. खेपांवर खेपा चढतात. त्यापेक्षा एक खेप पुरी झाल्यावर, किंवा वीस सेकंद वाट पाहून सोडून दिल्यावर, तिथून पुढचे मिनिट मोजायला सुरुवात करावी. सर्व्हरने 503 किंवा 429 असे उत्तर दिले तर तो ‘दमलो आहे’ किंवा ‘तुम्ही फार विचारता’ असे सांगत असतो. कधी किती वेळाने या हेही सांगतो. तेव्हा अंतर दोन मिनिटे, मग चार असे वाढवत जायचे. आकडे येईनासे झाले की न्यूजरूममधून ‘जरा जास्त वेळा मारून बघा’ असा आवाज हमखास येतो. तो ऐकायचा नाही.

अशा वेळी वाचकाच्या समोर काय दिसावे? शेवटचे चांगले आकडे तसेच राहू द्यावेत. पान आपोआप पूर्ण रीफ्रेश होणारे असेल तर नेमके त्याच क्षणी नेट गेल्यावर आकडे पुसले जाऊन त्रुटीचा संदेश येतो, म्हणून फक्त आकडे बदलावेत, पान नाही. आणि वर एक वेळ न देता दोन द्याव्यात: ‘शेवटची तपासणी ११.४२’ आणि ‘शेवटचा बदल ११.३१’. पहिली वेळ चालू आणि दुसरी जुनी असेल तर मोजणीच संथ आहे. पहिलीच जुनी असेल तर बिघाड आपल्याकडे आहे. पानाचे वय मोजताना फोनच्या घड्याळावर विसंबू नये; ते पुढे-मागे असते. सर्व्हरने कळवलेली वेळ धरावी.

‘हे आकडे जुने आहेत’ असा इशारा कधी द्यायचा, यात सगळ्यात जास्त गफलत होते. एखाद्या जागेवर चाळीस मिनिटे काही हलले नाही, तरी ते बिघाडाचे लक्षण असेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानंतर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. फेऱ्या २३ पैकी २३ झाल्या तरी निकाल जाहीर व्हायला वेळ लागतो. अशा जागेला लाल इशारा लावला तर तो वाचकाची दिशाभूल करतो. उलट, ऐन मोजणीत संपूर्ण राज्यात पाच मिनिटे एकही फेरी पुढे सरकली नाही, तर ते योगायोगाने होत नाही. तेवढ्या वेळात नव्वद नोंदी अपेक्षित असतात. पानाची मांडणी बदलली असेल, किंवा आपल्याला कोणीतरी जुनी प्रतच पुन्हा पुन्हा देत असेल. म्हणून इशाऱ्याची अट राज्याच्या बेरजेवर लावावी, एका जागेवर नाही.

उरतो वाचकाचा फोन. पान मागे टाकून तो दुसरीकडे गेला की ब्राउझर त्या पानाचे घड्याळ मंद करतो, आणि स्क्रीन बंद झाल्यावर बऱ्याचदा पूर्ण थांबवतो. दुपारी दोनला तो फोन उघडतो तेव्हा समोर साडेअकराचे आकडे असतात, तेही अगदी ताजे असल्यासारखे. पान पुन्हा नजरेसमोर आल्याची सूचना ब्राउझर `visibilitychange` या नावाने देतो. ती मिळताच आकडे फिके करावेत, लगेच एक मागणी करावी आणि उत्तर आल्यावरच ते पुन्हा ठळक करावेत. हे दहा-पंधरा ओळींचे काम आहे आणि तरीही बहुधा तेच राहून जाते.

सगळे निकाल लागल्यावर काय करायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. फाइलमध्ये ‘मोजणी संपली’ अशी एक नोंद ठेवली की ती वाचून पाने विचारणे बंद करतात. नाहीतर उघडी राहिलेली हजारो पाने दुसऱ्या दिवशीही दर मिनिटाला तोच निकाल मागत राहतात.