संशयाची खूण म्हणजे निकाल नव्हे

पनवेलच्या टपाल नाक्यावर छत्री घेणारं गिऱ्हाईक ती दोनदा उघडतं, मिटतं, काड्या बोटानं दाबून बघतं आणि मगच भावाला हात घालतं. तीच छत्री मोबाइलवर घ्यायची झाली की काड्यांची जागा इतरांचे रिव्ह्यू घेतात. ते रिव्ह्यू विकत मिळतात हेही आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे, त्यामुळे खोटे रिव्ह्यू ओळखण्याच्या युक्त्या घरोघरी सांगितल्या जातात. सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय म्हणजे खोटं, एका दिवसात पन्नास आले म्हणजे खोटं, सगळे पाच स्टार म्हणजे खोटं. यातली प्रत्येक युक्ती कामाची आहे आणि प्रत्येकीतून काढला जाणारा निष्कर्ष घाईचा आहे. शब्दांची पुनरावृत्ती, वेळेची गर्दी आणि स्टारची ठेवण या तीन गोष्टींवरून फार तर एवढंच म्हणता येतं, की ‘इथे शंका घ्यायला जागा आहे’.

‘वाचलं की कळतं’ या समजापासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे समज त्यावर उभे आहेत. २०११ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी शिकागोतल्या २० हॉटेलांसाठी पैसे देऊन ४०० खोटे रिव्ह्यू लिहून घेतले, त्यांच्या जोडीला खरे वाटणारे ४०० ठेवले आणि त्यातले काही तीन माणसांना ओळखायला दिले. तिघांत सर्वांत चांगला ठरलेला वाचक शंभरातले जेमतेम बासष्ट ओळखू शकला. नाणं उडवलं असतं तरी पन्नास बरोबर आले असते. एकटा रिव्ह्यू वाचून तो खरा की खोटा हे माणसाला कळत नाही. काही कळलंच तर ते अनेक रिव्ह्यू शेजारी शेजारी ठेवल्यावर.

‘पडताळलेली खरेदी’ असा शिक्का असला की रिव्ह्यू खरा, हा दुसरा समज. शिक्का सांगतो की वस्तू विकत घेतली गेली. नंतर ते पैसे कोणी परत केले हे तो सांगत नाही. विक्रेता फेसबुकच्या गटात माणसं गाठतो, ती माणसं वस्तू रीतसर मागवतात, पाच स्टार देतात आणि मग त्यांना किंमत परत मिळते, कधी वर थोडी बक्षिसीही. जुलै २०२२ मध्ये अॅमेझॉननं अशा दहा हजारांहून जास्त गटांच्या चालकांवर दावा लावला. खोटे रिव्ह्यू यंत्रंच लिहितात, हाही त्याच जातीचा गैरसमज. महाराष्ट्रात गेली काही वर्षं ‘घरबसल्या कमाई’ची जी फसवणूक चालली आहे, तिची पहिली पायरी बहुधा हीच असते: नकाशावरच्या एखाद्या हॉटेलाला पाच स्टार द्या, शंभर-दीडशे रुपये घ्या. पुढे ‘आधी पैसे भरा’ सुरू होतं आणि माणूस लाखांनी बुडतो. तो बुडतो, पण त्याच्या खऱ्या खात्यावरून, खऱ्या नंबरवरून दिलेले ते स्टार नकाशावर तसेच राहू शकतात. म्हणजे लिहिणारा खरा माणूस, खातं खरं आणि रिव्ह्यू मात्र खोटा.

आता पुनरावृत्ती. ती मोजायची साधी रीत अशी, की वाक्यातल्या लागोपाठच्या दोन-दोन शब्दांच्या जोड्या करायच्या आणि दोन रिव्ह्यूंतल्या किती जोड्या सारख्या आहेत ते पाहायचं. एक रिव्ह्यू म्हणतो, ‘पहिल्याच पावसात वापरली, अजिबात गळत नाही, घरच्यांनाही आवडली’. दुसरा म्हणतो, ‘पहिल्याच पावसात वापरली, अजिबात गळत नाही, मित्रांनाही आवडली’. आठ-आठ शब्द, म्हणून प्रत्येकात सात जोड्या. त्यांतल्या पाच सारख्या, आणि दोन्ही मिळून वेगवेगळ्या जोड्या नऊ. पाच भागिले नऊ म्हणजे सुमारे ५६ टक्के साम्य. डोळ्यांना ही उघड नक्कल दिसते, पण एकच शब्द बदलल्यानं आकडा इतका खाली आला. जिंदाल आणि लिऊ या संशोधकांनी २००८ मध्ये अॅमेझॉनवरचे जुळे रिव्ह्यू शोधताना ९० टक्के साम्याची रेघ आखली होती. ती लांबलचक इंग्रजी रिव्ह्यूंना ठीक. आपल्या आठ शब्दांच्या रिव्ह्यूला लावली तर हातात काहीच लागणार नाही. त्यात मराठीत ‘छत्री’ची ‘छत्रीला’, ‘छत्रीचा’, ‘छत्रीवर’ अशी रूपं होतात आणि अर्धी मंडळी मराठी रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे शब्दांऐवजी तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवणं बरं पडतं.

पण रेघ खाली आणली की उलटा घोटाळा होतो. ‘पैसे वसूल’, ‘एकदम मस्त’, ‘वेळेवर मिळाली’ हे शब्द हजारो प्रामाणिक माणसं लिहितात, कारण बोलण्यातच ते तसे आहेत. वस्तूच्या जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं उचलणारेही बरेच. म्हणून किती शब्द जुळले यापेक्षा कोणते जुळले याला वजन द्यावं लागतं. इतर छत्र्यांच्या रिव्ह्यूंत जे क्वचित सापडतं आणि इथे दहा जणांच्या तोंडी एकाच क्रमानं येतं, उदाहरणार्थ तीच विचित्र शुद्धलेखनाची चूक, ते खरं बोलकं. त्यालाही एक निष्पाप कारण असू शकतं: दुकानदारानं गिऱ्हाइकांना संदेशात तयार मजकूरच पाठवला आणि लोकांनी तो चिकटवला. ते शहाणपणाचं नाही, पण तो मजकूर चिकटवणारं गिऱ्हाईक खरं असतं.

वेळेच्या गर्दीत तर आपली फसगत जास्तच होते. पनवेलसारख्या गावी छत्रीचे रिव्ह्यू वर्षभर सारखे येतील कसे? पाऊस लागला की मागणी उसळते आणि आठवड्याभरात रिव्ह्यू धो धो येतात. मागच्या वर्षीच्या तारखांशी तुलना करू म्हणावं तर तीही दगा देते. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोचतो असं हवामान खातं धरतं. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. त्या वर्षी मेअखेर छत्र्यांवर जी गर्दी झाली असेल, ती आधीच्या वर्षांच्या तुलनेत भलतीच संशयास्पद दिसेल आणि ती पूर्ण खरी असेल. यावर उपाय असा, की वस्तूची तुलना कॅलेंडरशी न करता तिच्या भावंडांशी करायची. त्याच किमतीच्या, त्याच प्रकारच्या दहा छत्र्या घ्या. दहाही वर गेल्या असतील तर तो पाऊस. नऊ सपाट आणि एकच उसळली असेल तर खूण करा. सेल, दिवाळी, गणपती या सगळ्यांना हाच नियम लागू पडतो.

स्टारबद्दलचा लोकप्रिय समज असा, की नुसते पाच आणि एक स्टार, मध्ये काहीच नाही, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोटेपणा चाललाय. खऱ्या रिव्ह्यूंची ठेवणही बहुतेक वेळा अशीच असते: पाचांचा ढीग, एकांची छोटी टेकडी आणि मधला भाग खोलगट. याचं एक कारण साधं आहे. छत्री ‘ठीक’ निघाली तर कोण लिहायला बसतं? खूश झालेला लिहितो आणि चिडलेला लिहितो. म्हणून एकूण ठेवण पाहून फारसं काही कळत नाही. गर्दीच्या आधीची आणि गर्दीतली ठेवण वेगवेगळी काढून पाहावी. समजा, एका छत्रीवर वर्षभरात ६० रिव्ह्यू आले, सरासरी ३.६. मग चार दिवसांत ४१ आले. त्यातले ३९ पाच स्टारचे, २ चार स्टारचे. आता १०१ रिव्ह्यूंची सरासरी ४.१ दिसते. वस्तू तीच, कापड तेच, आणि त्या ४१ जणांत एकालाही ती गळल्याची तक्रार नाही. पुढच्या महिन्यात काय होतं तेही बघण्यासारखं असतं. फेसबुक गटांतून रिव्ह्यू विकत घेणाऱ्या विक्रेत्यांचा माग काढणाऱ्या अमेरिकी अभ्यासात, खरेदी थांबल्यावर सरासरी घसरली आणि एक स्टारचं प्रमाण वाढलं असं आढळलं. भुलून घेणारे तेव्हा तक्रार करायला येतात.

तिन्ही खुणा एकत्र आल्यावर तरी निकाल द्यायला काय हरकत आहे, असं कोणी विचारेल. हिशेब करून बघू. हजार रिव्ह्यूंत शंभर खोटे आहेत असं धरा. आपली रीत त्यातले ८० पकडते आणि खऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. ऐकायला उत्तम. पण खरे ९०० आहेत, त्यांचे ५ टक्के म्हणजे ४५. एकूण १२५ वर खूण पडली, त्यातले ४५ निर्दोष; तिघांमागे एकाहून जास्त. शिवाय तीन खुणा म्हणजे तीन स्वतंत्र साक्षीदार असंही नाही. गणपतीत सूट देणाऱ्या आणि तयार मजकूर पाठवणाऱ्या दुकानात गर्दी, सारखे शब्द आणि पाच स्टार तिन्ही एकाच कारणानं येतात. आणि ‘खोटा’ हा शिक्का हुकमी असला तर प्रतिस्पर्धी त्याचंच हत्यार करील: शेजारच्याच्या छत्रीवर भरमसाट सारखी स्तुती टाकायची आणि त्याला संशयात गुंतवायचं.

मग खुणेचा उपयोग काय? ती पुढचं काम कोणी करायचं ते दाखवते. माणूस खरा आहे का, पैसे कुठून आले, एका फोनवरून किती खाती चालतात, हे फक्त संकेतस्थळाला दिसतं. बाहेरून वाचणाऱ्याला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं आणलेल्या IS 19000:2022 या मानकात रिव्ह्यू लिहिणाऱ्याची ओळख ईमेल, फोन, एसएमएस अशा मार्गांनी पडताळावी असं सांगितलं आहे. हे मानक ऐच्छिक म्हणून लागू झालं. विक्रेत्यानं ग्राहकाचं सोंग घेऊन रिव्ह्यू लिहिण्याला मात्र ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार थेट मनाई आहे. म्हणून खूण लिहायचीच तर कारणासह आणि पळवाटेसह लिहावी: ‘चार दिवसांत ४१ रिव्ह्यू, तुलनेच्या नऊ छत्र्यांवर वाढ नाही, १२ रिव्ह्यूंत एकच दुर्मीळ वाक्य, सूट किंवा तयार मजकूर हे कारण असू शकतं, तपासावं.’ यात ‘खोटा’ हा शब्द नाही. खरेदी करणाऱ्यानं अशा वेळी ते ४१ बाजूला ठेवून आधीचे ६० वाचावेत, त्यातही दोन आणि तीन स्टारचे आधी. काड्या कुठे मोडतात ते तिथेच लिहिलेलं असतं.

फसवणूक झालीच असेल तर स्क्रीनशॉट आणि तारखा ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करा. आणि स्टार देण्याचे पैसे कोणी देऊ केले, पुढे तुमच्याकडूनच पैसे मागितले, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.