केवढ्याला पडली?

लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं आटोपली की बायकांचा एक घोळका खुर्च्या ओढून गोल बसतो आणि साड्यांचा विषय निघतो. गेल्या वर्षी अशाच घोळक्यात कुणीतरी माझ्या मावशीच्या पैठणीचा पदर हातात घेतला. आधी तो उलटा करून पाहिला, कारण हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या साडीला मागे सुटे, कापलेले धागे दिसतात. पदर अस्सल निघाला. मग प्रश्न आला, "केवढ्याला पडली?"

"साठ हजार," मावशी म्हणाली.

साडी घ्यायला येवल्याला तिच्याबरोबर मीच गेलो होतो. ओळखीतला विणकर, रोख पैसे, तासभर घासाघीस. साडी पंचेचाळीस हजारांना पडली होती. गंमत अशी की हीच मावशी मेथीची जुडी तीस रुपयांना घेतली, तर पंचवीसला घेतली असं सांगते. मेथीच्या बाबतीत कमी पैसे दिल्याची फुशारकी, पैठणीच्या बाबतीत जास्त दिल्याची. दोन्ही थापाच, पण उलट्या दिशेच्या. काही वस्तू महाग झाल्या की काही लोकांना त्या जास्तच हव्याशा का वाटतात, याचं उत्तर या दुसऱ्या थापेत आहे.

या वागण्याचा पहिला पद्धतशीर पंचनामा थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं केला. नॉर्वेहून आलेल्या शेतकरी कुटुंबात तो वाढला आणि शिकागोच्या विद्यापीठात शिकवत असताना, 1899 साली, त्यानं रिकामटेकड्या श्रीमंत वर्गावर पुस्तक लिहिलं. त्यात चमच्याचं उदाहरण आहे. हातानं घडवलेला चांदीचा चमचा दहा-वीस डॉलरचा आणि यंत्रावर केलेला ॲल्युमिनियमचा दहा-वीस सेंटांचा. घास तोंडात घालण्याचं काम दोन्ही सारखंच करतात. लोक म्हणतील, चांदीचा सुंदर दिसतो. व्हेब्लेनचं म्हणणं असं, की तो हातघडणीचा वाटणारा चमचा हुबेहूब नक्कल निघाला, तर डोळ्यांना काहीही फरक दिसत नसताना त्याचं मोल एका क्षणात कोसळतं. याचा अर्थ त्या सौंदर्यात खर्चाचाही मोठा वाटा होता. पदर उलटा करून पाहणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नाही.

पण व्हेब्लेननं अर्धंच गणित मांडलं. उरलेलं 1950 साली हार्वी लायबेन्स्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं सोडवलं. तो म्हणाला, अशा वस्तूला एक नव्हे, दोन किमती असतात. एक, तुम्ही खरोखर मोजलेली. दुसरी, तुम्ही मोजली असेल असं लोकांना वाटणारी. पहिलीला दिलेली किंमत म्हणू, दुसरीला दिसणारी. खिसा रिकामा होतो तो दिलेल्या किमतीनं आणि मान वाढतो तो दिसणाऱ्या किमतीनं.

आता मावशीचाच हिशेब करून पाहू. दिसणारी किंमत साठ हजार, दिलेली पंचेचाळीस, तर मावशी खूश. उद्या विणकरानं गुपचूप चाळीसला दिली तर आणखी खूश. कदाचित दोन घेईल. म्हणजे दिसणारी किंमत जागेवर राहिली, तर स्वस्ताई तिलाही हवीच असते. इथपर्यंत अर्थशास्त्राचा साधा नियम तंतोतंत लागू पडतो. पण त्याच साडीवर दुकानाच्या काचेत 'सेल, फक्त चाळीस हजार' अशी पाटी लागली, तर दोन्ही किमती एकदमच खाली येतात. पैसे तेवढेच वाचतात, पण हॉलमधल्या प्रश्नाला उत्तर उरत नाही. मावशी त्या दुकानात पाऊल टाकणार नाही.

उलट, दुकानदारानं भाव ऐंशी हजारांवर नेला तर? समजा, साठ हजारांना शंभर गिऱ्हाइकं होती. भाव वाढल्यावर त्यातली तीस गळतील आणि त्यात माझी मावशीही असेल. पण साठ हजारांची साडी 'सगळ्यांकडेच असते' म्हणून नाक मुरडणाऱ्या चाळीस जणी आता आत येतील. शंभराच्या एकशे दहा झाल्या. किंमत वाढली आणि मागणीही वाढली, ती अशी. प्रत्येक बाईला महागाई आवडू लागली असं यात कुठेही घडलेलं नाही. काही गेल्या, काही आल्या आणि आलेल्या जास्त निघाल्या. हाच भाव दहा लाखांवर नेला, तर बहुधा दोघी-तिघीच उरतील. चढणारी मागणी एका टप्प्यापुरतीच असते. पुढे तिलाही खिशाची भिंत लागते.

हा दोन किमतींचा खेळ जगात सर्वांत निर्मळ स्वरूपात कुठे दिसत असेल, तर मनगटावरच्या घड्याळात. 1969 च्या नाताळच्या दिवशी जपानच्या सायको कंपनीनं ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका छोट्या मोटारीइतकी होती. पण क्वार्ट्झ भराभर स्वस्त झालं आणि स्वित्झर्लंडच्या चावीच्या घड्याळांवर संक्रांत आली. 1970 च्या सुमारास तिथे या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. पंधरा-सोळा वर्षांत त्यातली सुमारे एक तृतीयांशच उरली. वेळेच्या अचूकतेत तर सामनाच नव्हता. उत्तम यांत्रिक घड्याळाला स्वित्झर्लंडमध्ये जे अधिकृत प्रमाणपत्र मिळतं, त्यात दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची मुभा आहे. पाचशे रुपयांचं साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात पंधरा-वीस सेकंदच चुकतं.

मग विकायचं काय? 1972 मध्ये ओदमार पिगे या कंपनीनं रॉयल ओक नावाचं घड्याळ काढलं. जेराल्ड जेंटा या आराखडाकारानं काढलेलं, अष्टकोनी कडेचं, त्या कडेवर आठ स्क्रू उघडे दिसणारं आणि सोन्याऐवजी पोलादाचं. किंमत मात्र 3300 स्विस फ्रँक, म्हणजे त्या काळी सोन्याचं घड्याळ येईल इतकी. सुरुवातीला ते फारसं खपलं नाही. त्याच जेंटानं आखलेलं नॉटिलस हे घड्याळ पाटेक फिलिपनं 1976 मध्ये आणलं. तेही पोलादाचंच. त्याच्या जाहिरातीत कंपनीनं काय सांगावं? जगातल्या सर्वांत महाग घड्याळांपैकी एक पोलादाचं आहे, हे.

या जाहिरातीतली खोच लक्षात घ्यायला हवी. सोन्याची किंमत कुणालाही लांबून कळते. पोलादाची कळत नाही. हातात पोलाद दिसलं, तर चारचौघं ते साधंच समजतील. म्हणजे दिलेली किंमत अफाट आणि दिसणारी जवळजवळ शून्य, असा घाट्याचा सौदा. जाहिरातीचं काम गिऱ्हाइकाला किंमत सांगायचं नव्हतंच, त्याला ती दुकानात कळणारच होती. काम होतं ते गिऱ्हाइकाशेजारी बसणाऱ्या माणसाला किंमत सांगायचं. जे घड्याळ कधीच घेणार नाहीत, त्यांच्यापर्यंत किंमत पोचल्याशिवाय घेणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

पुढे काय झालं ते नॉटिलसच्या 5711 या पोलादी मॉडेलवर दिसतं. 2006 मध्ये आलेल्या या घड्याळाची अमेरिकेतली छापील किंमत शेवटी पस्तीस हजार डॉलरच्या आसपास होती. कंपनीनं घड्याळं मोजकीच काढली, त्यामुळे दुकानात रांग लागली आणि विक्रेते जुन्या, भरवशाच्या गिऱ्हाइकांना आधी घड्याळ देऊ लागले. 2021 च्या सुरुवातीला कंपनीनं हे मॉडेल बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षाच्या शेवटी टिफनीच्या निळ्या तबकडीची 170 घड्याळं निघाली आणि त्यातलं एक न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 65 लाख डॉलरना गेलं. त्या सुमारास साधं 5711 सुद्धा जुन्या बाजारात दीड लाख डॉलरच्या वर विकलं जात होतं.

म्हणजे ज्याला दुकानातून मिळालं, त्याची दिलेली किंमत पस्तीस हजार आणि दिसणारी दीड लाख. माझ्या मावशीचाच सौदा, फक्त शून्यं जास्त. एवढी तफावत फुकट मिळत असेल, तर रांग लागणारच. पण त्या रांगेत सगळे मिरवणारे नव्हते. काही जण दुर्मीळ वस्तूचे शौकीन होते. किंमत काहीही असो, फार जणांकडे नसावी एवढंच त्यांना हवं होतं. आणि पुष्कळ जण निव्वळ विकून नफा काढायला आले होते. 2022 मध्ये भाव उतरू लागले, तेव्हा हे तिसरे लोक आधी पळाले. भाव वाढताना मागणी वाढली, एवढ्यावरून मिरवण्याचा परिणाम सिद्ध होत नाही, तो यामुळे. किंमत वाढते तेव्हा बहुतेक वेळा जाहिरात, टंचाई आणि सट्टा हेही बरोबरच वाढतात. त्यातला कुठला भाग कशाचा, हे बाजाराच्या आकड्यांतून वेगळं काढणं अर्थशास्त्रज्ञांनाही जड जातं.

कंपन्या मात्र दिसणाऱ्या किमतीला किती जपतात, याचा पुरावा त्यांच्याच हिशेबात सापडतो. ब्रिटनच्या बर्बरीनं 2017-18 या एका वर्षात न खपलेला 2 कोटी 86 लाख पौंडांचा माल नष्ट केला. तो अर्ध्या किमतीला सहज खपला असता. पण अर्ध्या किमतीचा कोट रस्त्यावर दिसू लागला, की पूर्ण किमतीला घेतलेल्याची दिसणारी किंमतही अर्धी होते. गहजब झाल्यावर सप्टेंबर 2018 मध्ये कंपनीनं ही पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं.

एखादा माणूस वस्तू घेतोय की किंमत, हे ओळखायला दोन प्रश्न पुरतात. कुणालाही कधीच दिसणार नसेल, तरी तो ती वस्तू याच भावाला घेईल का? आणि सवलत गुपचूप मिळाली तर तो खूश होईल, पण तीच पाटी लावून जाहीर केली तर वस्तू परत ठेवेल का? पहिल्याला 'नाही' आणि दुसऱ्याला 'हो' असं उत्तर आलं, तर मामला दिसणाऱ्या किमतीचा आहे. उंची वस्तू घेणारा प्रत्येक जण या परीक्षेत सापडत नाही. घरात एकटं बसून ऐकायला महागडे स्पीकर घेणारा पहिल्याच प्रश्नाला सुटतो.

मावशीला मी हे दोन्ही प्रश्न परतीच्या गाडीत विचारले. पहिल्यावर ती हसली आणि म्हणाली, कुणाला दिसणारच नसेल तर गाऊन काय वाईट आहे? दुसऱ्याचं उत्तर तिनं दिलंच नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, "त्या विणकराचा नंबर कुणाला देऊ नकोस हं."