मूठ पिळली की आत काय होते?

पेट्रोलच्या जुन्या स्कूटरची मूठ पिळली की एक तार ओढली जाते आणि कार्ब्युरेटर उघडतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या मुठीत अशी तार बहुधा नसते. तिथे मुठीबरोबर एक वक्राकार चुंबक फिरतो आणि त्याच्या शेजारी, त्याला कुठेही न टेकता, तीन पायांचा जेमतेम चार मिलिमीटर रुंदीचा काळा तुकडा बसलेला असतो. चुंबक किती फिरला, हे तो व्होल्टेजच्या रूपात कंट्रोलरला कळवतो. हा हॉल सेन्सर.

हे नाव एडविन हॉल यांच्यावरून पडले. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते प्रा. हेन्री रोलँड यांच्या हाताखाली संशोधन करत होते. १८७९मध्ये त्यांनी सोन्याचा पातळ वर्ख काचेवर चिकटवला, त्यातून लांबीच्या दिशेने विद्युतप्रवाह सोडला आणि तो वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला. तेव्हा वर्खाच्या दोन बाजूंच्या कडांमध्ये अगदी थोडे व्होल्टेज निर्माण झालेले दिसले. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा आणखी अठरा वर्षे होती.

कारण आज सहज सांगता येते. पट्टीतून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांना चुंबकीय क्षेत्र बाजूला ढकलते. एका कडेला त्यांची गर्दी होते, समोरच्या कडेला ते कमी पडतात. ही गर्दीच मग मागून येणाऱ्यांना उलट रेटू लागते. दोन्ही रेटे सारखे झाले की कडांमधले व्होल्टेज स्थिरावते. चुंबकीय क्षेत्र दुप्पट झाले तर ढकलणारा जोरही दुप्पट होतो, त्याला थोपवायला दुप्पट व्होल्टेज लागते. ध्रुव उलटा केला की व्होल्टेजही उलटे होते.

सोन्यात मोकळे इलेक्ट्रॉन भरमसाट असतात, त्यामुळे ठरावीक प्रवाह वाहून नेताना प्रत्येक जण अगदी संथ सरकतो आणि त्याच्यावरचा आडवा जोरही नगण्य राहतो. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात इलेक्ट्रॉन फार कमी, म्हणून तेवढ्याच प्रवाहासाठी त्यांना खूप वेगाने धावावे लागते आणि आडवा जोर वाढतो. तरीही हाती येणारे व्होल्टेज फारच थोडे असते. ते वाढवणारा ॲम्प्लिफायर म्हणून त्याच चिपवर असतो.

स्कूटरच्या मुठीत वापरला जाणारा एक साधा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो. चुंबक जवळ नसताना तो बरोबर मध्यावर, २.५ व्होल्टवर असतो आणि दर मिलिटेस्लाला सुमारे १४ मिलिव्होल्टने वर किंवा खाली सरकतो. १०० मिलिटेस्लाचे क्षेत्र लाभले, तर १.४ व्होल्टची भर पडून ३.९ व्होल्ट मिळतात. मुठीतला चुंबक असा बसवतात की मूठ सोडलेली असताना एक ध्रुव सेन्सरसमोर येतो आणि पूर्ण पिळल्यावर दुसरा. त्यामुळे व्होल्टेज सुमारे ०.८पासून साडेतीन-चारपर्यंत चढते.

सुरुवात शून्यापासून का नाही? सिग्नलची वायर तुटली तर व्होल्टेज शून्यावर येऊ शकते, सेन्सरची ग्राउंड वायर सुटली तर ते थेट पाचाकडे धावू शकते. चांगला कंट्रोलर या दोन्ही टोकांना बिघाड मानून मोटर बंद ठेवतो. मेकॅनिक मागचे चाक अधांतरी ठेवून सिग्नलच्या वायरला मल्टिमीटर लावतो आणि मूठ हळूहळू पिळतो. आकडा सलग चढला तर सेन्सर ठीक. मध्येच उडी मारली किंवा जागचा हललाच नाही, तर दोष मुठीत किंवा तिच्या जोडणीत.

हाच सेन्सर प्रवाहही मोजतो, कारण प्रवाह वाहणाऱ्या प्रत्येक वायरभोवती चुंबकीय क्षेत्र असते. अडचण आहे ती त्याच्या दुबळेपणाची. १० ॲम्पिअर प्रवाहाच्या वायरपासून एक सेंटिमीटरवर ते अवघे ०.२ मिलिटेस्ला भरते. वरच्या सेन्सरवर त्याने जेमतेम ३ मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणून वायरभोवती लोहयुक्त गाभ्याचे कडे घालतात, त्यात दीड मिलिमीटरची फट ठेवतात आणि फटीत सेन्सर बसवतात. आता क्षेत्र ८.४ मिलिटेस्ला होते आणि फरक सुमारे ११७ मिलिव्होल्टचा.

डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या जबड्यात हीच रचना असते. फक्त एसी मोजणारा साधा क्लॅम्प ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो. त्याला बदलते क्षेत्र लागते, त्यामुळे बॅटरीचा प्रवाह त्याला दिसत नाही.

हॉल सेन्सरचे दुखणे म्हणजे सरकणारे शून्य. तापमान बदलले, चिपवर ताण आला किंवा गाभ्यात थोडे चुंबकत्व उरले, तरी प्रवाह नसताना मीटर काहीतरी दाखवतो. म्हणून डीसी प्रवाह मोजण्यापूर्वी जबडा रिकामा असताना झीरोचे बटण दाबावे. आणि जबड्यात एकच वायर घ्यावी. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी एकत्र धरल्या, तर त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि बॅटरीतून कितीही प्रवाह वाहत असला तरी मीटर शून्यच दाखवतो.