वेष्टनाचा तुकडा आणि कासवाचं घरटं

दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका शाळेत परिपाठाच्या वेळी आठवीतली एक मुलगी बोलायला उभी राहिली. हातात कागद नव्हता, वेफर्सच्या पाकिटाचा फाडलेला कोपरा होता. ‘‘पाकीट कचऱ्याच्या डब्यात जातं, हा तुकडा मात्र वाळूत जातो,’’ ती म्हणाली. ‘‘पाकीट फाडाल तेव्हा कोपरा सुटू देऊ नका.’’

एवढी साधी मागणी, पण नेमकी. असा बोटाच्या पेरापेक्षाही लहान तुकडा वाळूत मिसळला की वेचणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. ऊन आणि लाटांचा मारा यांनी प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि त्याचा आणखी बारीक चुरा होतो. मग तो गोळा करणं जवळपास अशक्यच.

पुढे ती कासवांकडे वळली. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी साधारण हिवाळ्यात भरतीच्या रेषेच्या वर येऊन दीड-एक फूट खोल खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि क्षितिजावरच्या उजेडाच्या रोखानं पाण्याकडे सरपटत जातात. तळहातात मावणाऱ्या त्या पिल्लाला दोरखंडाचा गुंता किंवा अर्धवट पुरलेली पिशवी म्हणजे मोठाच अडथळा. तिथे अडकून पडलं की कावळे आणि कुत्रे टपलेलेच असतात. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सफाई सुरू केली आणि २०१८ मध्ये तिथे कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली, हेही तिनं सांगितलं.

सफाई कशी करायची, हा भाषणातला सगळ्यात मोलाचा भाग. ओहोटीची वेळ पाहून जायचं. भरतीनं सोडलेल्या काळपट पट्ट्यातला कचरा हातानं वेचायचा. समुद्रशेवाळ आणि शिंपले तिथेच राहू द्यायचे. वरच्या कोरड्या वाळूत फावडं किंवा दाताळं चालवायचं नाही, कारण खाली घरटं असू शकतं. तिथली मर्यादवेल उपटायची नाही, ती वाळू धरून ठेवते. वाळूत रुतलेलं जाळं ओढत बसायचं नाही, मोठ्यांना बोलवून कापून घ्यायचं. हे नियम न पाळता उत्साहानं केलेली सफाई किनाऱ्याला कचऱ्याइतकीच महागात पडू शकते.

मागून एका मुलानं विचारलं, ‘‘पण कचरा तर पावसाळ्यात खाडीतूनच येतो ना?’’ प्रश्न रास्त होता. ओढे-नाले गावातलं प्लॅस्टिक खाडीत नेतात, खाडी समुद्रात, आणि उधाण त्यातलं बरंच परत किनाऱ्यावर आणून टाकतं. ती म्हणाली, ‘‘म्हणून पावसाच्या आधी शाळेमागचा ओढा साफ करूया.’’

वेचलेल्याचं पुढे काय, हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. बाटल्या वाळू झटकून, धुऊन, सुकवून ठेवल्या तर भंगारवाला नेतो. चकचकीत वेष्टनं मात्र तो सहसा घेत नाही. त्यामुळे मधल्या सुट्टीत पाकिटाऐवजी घरून चणे-शेंगदाणे आणायचे, असा तिचा शेवटचा आग्रह होता.