भाग्यपत्रिकेतून तीन संघ गळाले, तर सामने किती?

कबड्डी स्पर्धेची भाग्यपत्रिका हल्ली स्क्रीनशॉट होऊन सगळ्यांच्या मोबाइलवर येते. समजा, तिच्यात बाद पद्धतीने खेळणारे २२ संघ आहेत आणि आदल्या रात्री २, ४ आणि ५ क्रमांकाच्या संघांनी माघार घेतली. आता सामने किती होतील?

बरेच जण चित्रातल्या चौकटी मोजतात आणि तिथेच फसतात. २२ च्या पुढची दोनाची घातसंख्या ३२, म्हणून फेऱ्या पाच आणि पहिल्या फेरीत बाय मिळणारे संघ ३२ वजा २२, म्हणजे दहा. काही सॉफ्टवेअर बायचीही चौकट काढतात. त्यामुळे चित्रात ३१ चौकटी दिसतात, पण त्यांतल्या दहांत खेळ नसतो. खरे सामने २१ असतात. याचं कारण साधं आहे: प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो आणि विजेता सोडून २१ संघ बाद व्हायचे असतात. माघार घेणारा संघ न खेळताच बाद होतो, म्हणून तीन सामने कमी झाले आणि १८ उरले. हाच संघ एखादी फेरी जिंकून मग गेला, तरी वजाबाकी एकाचीच. तिसऱ्या क्रमांकाचा सामना ठेवला असेल, तर तो वेगळा धरायचा.

पण हे १८ सामने कोणाच्या वाट्याला कसे येतात, ते पत्रिका पाहिल्याशिवाय कळत नाही. या पत्रिकेत १ आणि ६ क्रमांकांना बाय आहे. पहिल्या फेरीत २ विरुद्ध ३ आणि ४ विरुद्ध ५ असे सामने आहेत. २ क्रमांकाचा संघ गेला, म्हणून ३ ला वॉकओव्हर मिळाला. ४ आणि ५ दोघेही गेले, म्हणून तो सामनाच नाहीसा झाला आणि वॉकओव्हर मिळाला तो पुढच्या फेरीत, ६ क्रमांकाला. म्हणजे माघारी तीन, वॉकओव्हर मात्र दोनच. पहिल्या फेरीत चार, दुसरीत सात आणि पुढे चार, दोन, एक असे सामने धरले की बेरीज १८ येते.

६ क्रमांकाचा संघ एकही चढाई न करता उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. त्याच्यासमोर येणारा संघ १ विरुद्ध ३ ही लढत जिंकून आलेला असेल. हे मला मुळीच पटत नाही. माघार स्पर्धा सुरू होण्याआधी कळली, तर १९ संघांची पत्रिका नव्याने काढावी. तेव्हाही सामने १८ आणि फेऱ्या पाचच राहतात, पण बाय तेरा होतात आणि पहिल्या फेरीत तीनच सामने उरतात. एकही सामना न खेळता कोणी उपांत्यपूर्व फेरीत जात नाही. एकदा खेळ सुरू झाला की मात्र जुनीच पत्रिका चालवावी लागते.

मोजण्यापूर्वी स्क्रीनशॉट खालून कापला गेला नाही ना, हेही पाहावं. वरच्या अर्ध्या भागात ११ नावं असतील, तर खालच्या भागातही ११ दिसली पाहिजेत.